लाटेचा माथा आणि लाटांचा जथा: कला-वेग व समूह-वेग कसे ओळखावेत, कसे मोजावेत

एप्रिल-मे महिन्यांत, पाऊस सुरू होण्यापूर्वी, कोकणच्या किनाऱ्यावर कधीकधी असा दिवस येतो की वारा जवळजवळ पडलेला असतो, आकाश निरभ्र असते, आणि तरीही समुद्रातून लांबच लांब, संथ लाटा एकामागून एक येत राहतात. अशा वेळी घड्याळ लावून मोजले तर एका माथ्यानंतर दुसरा माथा येईपर्यंत 18 ते 20 सेकंद जातात. जवळपासच्या वाऱ्याने उठलेल्या लाटांचा हा काळ याहून बराच कमी असतो. या लांब लाटांना स्वेल म्हणतात आणि त्या बहुधा दक्षिण हिंदी महासागरातल्या, हजारो किलोमीटर दूरच्या वादळात जन्मलेल्या असतात. वादळ नेमके किती दूर होते आणि ते केव्हा झाले, हे किनाऱ्यावर बसून केवळ घड्याळाच्या साहाय्याने काढता येते. मात्र त्यासाठी लाटेचा कोणता वेग वापरायचा हे ठाऊक असावे लागते, कारण लाटेला दोन वेग असतात आणि चुकीचा वेग घेतला तर अंतर थेट दुप्पट येते.

पुढील पायऱ्या तळ्यापासून सुरू होऊन त्या वादळापर्यंत जातात. शाळेतले बीजगणित, मोबाइलचा कॅमेरा आणि आलेखाचा एक कागद एवढे साहित्य पुरेसे आहे. अवकलन एकाच ठिकाणी येते, आणि ज्यांना ते नको असेल त्यांच्यासाठी त्याआधीची पायरी तेच उत्तर देते.

पहिली पायरी: तळ्यावर सहा ठोके

वारा नसलेल्या सकाळी एखाद्या तळ्यावर किंवा मोठ्या हौदावर जावे. पाणी किमान दोन वीत खोल असावे. हातभर लांबीची फळी काठाशी आडवी धरून ती पाण्यात सेकंदाला दोनदा, एका लयीत, बरोबर सहा वेळा दाबावी. लय सांभाळण्यासाठी मोबाइलवरचा मेट्रोनोम मिनिटाला 120 ठोक्यांवर लावावा. सहा ठोके झाले की थांबावे. काठापासून लाटांचा एक छोटा जथा निघतो. कोणाला तरी उंचावर उभे करून त्याचे चित्रीकरण करून घ्यावे, कारण उघड्या डोळ्यांना जे दिसते त्यावर पहिल्या खेपेला विश्वास बसत नाही.

चित्रफीत संथ गतीने पाहताना जथ्यातल्या एकाच माथ्यावर बोट ठेवून त्याचा पाठलाग करावा. तो माथा जथ्याच्या मागच्या टोकाला नव्यानेच उमटतो, मोठा होत मध्यावर येतो, पुढच्या टोकाकडे सरकताना पुन्हा लहान होतो आणि सपाट पाण्यात विरून जातो. जथा मात्र तसाच पुढे चाललेला असतो, आणि मागे नवे माथे तयार होत असतात. माथा जथ्यापेक्षा वेगाने धावतो आहे, म्हणजेच इथे दोन वेगळे वेग आहेत, हे यावरून उघड होते. माथ्याच्या वेगाला कला-वेग म्हणतात. महाविद्यालयात फेज व्हेलॉसिटी हा शब्द कानावर येतो तो हाच. संपूर्ण जथ्याच्या, म्हणजे जिथे लाटा सर्वांत उंच आहेत त्या भागाच्या, वेगाला समूह-वेग किंवा ग्रुप व्हेलॉसिटी म्हणतात.

आता आकडे पाहू. अर्ध्या सेकंदाचा आवर्तनकाल असलेल्या लाटेची तरंगलांबी खोल पाण्यात सुमारे 39 सेंटिमीटर असते आणि तिचा माथा सेकंदाला सुमारे 78 सेंटिमीटर जातो. पाण्यात दोन मीटर अंतरावर दोन काठ्या रोवल्या तर एका माथ्याला हे अंतर कापायला अडीच सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागायला हवा. जथ्याचा मध्य मात्र ते कापायला पाच सेकंदांहून थोडा अधिक वेळ घेतो. जथ्याचा वेग माथ्याच्या निम्मा आहे.

यापेक्षाही पटणारी खूण मोजणीत सापडते. तुम्ही फळी सहा वेळा दाबली आहे, तेव्हा एका काठीजवळून सहा माथे गेलेले मोजता येतात. परंतु कोणत्याही एका क्षणी काढलेल्या छायाचित्रात जथ्यात साधारण तीनच माथे दिसतात. याचे कारण असे की सहा ठोक्यांना तीन सेकंद लागले, तेवढ्या वेळात जथ्याचे पुढचे टोक समूह-वेगाने सुमारे 1.17 मीटरच पुढे गेले, आणि तेवढ्या लांबीत 39 सेंटिमीटरच्या तीनच लाटा मावतात. प्रत्यक्षात जथ्याची टोके पुसट असतात, त्यामुळे कोणाला चार दिसतील. सहा मात्र दिसणार नाहीत.

दुसरी पायरी: दोन लाटांची गाठ

हे असे का होते, ते समजण्यासाठी समुद्रावरच्या दोन लाटा घेऊ. खोल पाण्यात लांब लाट आखूड लाटेपेक्षा वेगाने जाते, एवढीच एक वस्तुस्थिती आपल्याला लागणार आहे. ज्या माध्यमात वेग तरंगलांबीवर अवलंबून असतो त्या माध्यमाला अपस्करणी माध्यम म्हणतात, आणि समुद्राचे पाणी हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणता येईल.

पहिली लाट 100 मीटर लांबीची आहे आणि तिचा माथा सेकंदाला 12.5 मीटर जातो. दुसरी 121 मीटर लांबीची आहे आणि तिचा माथा सेकंदाला 13.75 मीटर जातो. दोन्ही एकाच दिशेने चालल्या आहेत आणि या क्षणी दोघींचा एकेक माथा एकाच जागी, समजा एका बोयापाशी, आलेला आहे. तिथे दोघींची उंची मिळून सर्वांत मोठी लाट दिसते. जथ्याचा मध्य तो हाच: जिथे माथ्यावर माथा बसला आहे ती जागा.

आता दोघींचे मागचे माथे पाहा. पहिल्या लाटेचा मागचा माथा बोयाच्या 100 मीटर मागे आहे आणि दुसरीचा 121 मीटर मागे. म्हणजे दुसरीचा माथा 21 मीटर पिछाडीवर आहे, परंतु तो सेकंदाला 1.25 मीटर अधिक वेगाने येत आहे. 21 भागिले 1.25, म्हणजे 16.8 सेकंदांनी तो पहिलीच्या माथ्याला गाठेल. त्या वेळात पहिलीचा हा मागचा माथा 210 मीटर पुढे गेलेला असेल, म्हणजे बोयाच्या 110 मीटर पुढे. माथ्यावर माथा बसण्याची जागा आता तिथे आली.

म्हणजे 16.8 सेकंदांत दोन्ही लाटांचे माथे 210 ते 231 मीटर धावले, पण त्यांची गाठ पडण्याची जागा फक्त 110 मीटर सरकली. तिचा वेग सेकंदाला 6.55 मीटर भरतो, आणि तो दोन्ही माथ्यांच्या सरासरी वेगाच्या निम्मा आहे. मधल्या काळात काय घडले, तर पहिल्या गाठीतले माथे एकमेकांपासून सुटले आणि त्यांच्या मागच्या माथ्यांची गाठ पडली. गाठ दर वेळी एकेक माथा मागे घसरत जाते, म्हणून ती माथ्यांपेक्षा हळू चालते. दोन्ही लाटांचे वेग सारखेच असते तर गाठ कधीच सुटली नसती आणि दोन्ही वेगांमध्ये फरक उरला नसता. आखूड लाट अधिक वेगवान असती तर हीच गाठ पुढे घसरली असती. ही तिसरी शक्यता काल्पनिक नाही. तिच्याकडे शेवटी वळू.

ही आकडेमोड एकदा स्वतः कागदावर करून पाहावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. सूत्र पाठ असलेल्या अनेकांना जथा हळू का चालतो हे सांगता येत नाही, आणि ज्याने ही गाठ एकदा सुटताना पाहिली त्याला सूत्र विसरले तरी चालते.

तिसरी पायरी: सूत्र आणि आलेख

लाटेची तरंगलांबी λ आणि आवर्तनकाल T असेल, तर k = 2π/λ आणि ω = 2π/T अशा दोन राशी घेतात. पहिली दर मीटरला किती लाट मावते ते सांगते, दुसरी दर सेकंदाला किती लाट जाते ते. दोन्ही कोनाच्या मापात. खोल पाण्यावरच्या लाटांसाठी या दोन राशींमधले नाते असे आहे:

ω² = g k

यात g म्हणजे गुरुत्वीय त्वरण, 9.81 मीटर प्रति वर्ग सेकंद. कला-वेग ω/k इतका असतो. समूह-वेग मात्र dω/dk इतका, म्हणजे k थोडासा बदलल्यास ω किती बदलतो ते गुणोत्तर. आधीच्या पायरीत आपण दोन लाटांच्या ω मधला फरक भागिले k मधला फरक हेच नकळत काढले होते. वरच्या नात्याचे अवकलन केल्यास 2ω dω = g dk, म्हणून dω/dk = g/(2ω), आणि ω/k = g/ω असल्यामुळे समूह-वेग कला-वेगाच्या बरोबर निम्मा येतो. आवर्तनकालाच्या भाषेत लिहिले तर वापरायला सोपे पडते:

कला-वेग = gT/2π = 1.56 T
समूह-वेग = gT/4π = 0.78 T

इथे T सेकंदांत घातला की वेग मीटर प्रति सेकंद मिळतो.

आलेखावर हा फरक एका नजरेत दिसतो. आडव्या अक्षावर k, उभ्या अक्षावर ω घेऊन वक्र काढावा. आरंभबिंदूपासून वक्रावरच्या एखाद्या बिंदूपर्यंत सरळ रेषा ओढली तर तिचा चढ म्हणजे कला-वेग, आणि त्याच बिंदूला वक्राची स्पर्शरेषा काढली तर तिचा चढ म्हणजे समूह-वेग. खोल पाण्याचा वक्र वर जाताना वाकत सपाट होतो, त्यामुळे स्पर्शरेषा नेहमीच अधिक आडवी असते. माध्यम कोणतेही असले तरी हा आलेख आधी काढावा. कोणता वेग मोठा, हा प्रश्न वक्र कोणीकडे वाकला आहे यावरच सुटतो.

चौथी पायरी: घड्याळावरून वादळाचे अंतर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रत्नागिरीजवळच्या किनाऱ्यावर केलेल्या निरीक्षणांचे एक उदाहरण घेऊ. आकडे उदाहरणासाठी योजलेले आहेत, पण अशा स्वेलमध्ये दिसतात तसेच ते आहेत. सोमवारी सकाळी 6 वाजता स्वेलचा आवर्तनकाल 20 सेकंद भरला. त्याच रात्री 11 वाजता तो 17.8 सेकंद झाला, मंगळवारी दुपारी 4 वाजता 16 सेकंद आणि बुधवारी सकाळी 9 वाजता 14.5 सेकंद.

आवर्तनकाल असा उतरत जातो, यातच सगळे गमक आहे. वादळात लहानमोठ्या सर्व आवर्तनकालांच्या लाटा एकाच सुमारास निघाल्या. लांब आवर्तनकालाच्या जथ्यांचा समूह-वेग जास्त म्हणून ते आधी पोहोचले आणि बाकीचे क्रमाने मागून आले. 20 सेकंदांच्या जथ्याचा समूह-वेग सेकंदाला 15.6 मीटर आहे, 16 सेकंदांच्या जथ्याचा 12.5 मीटर. शर्यतीत पहिला धावपटू 34 तास आधी पोहोचला आणि दोघांचे वेग ठाऊक आहेत, तर शर्यत किती लांबीची होती हे काढण्यासारखेच हे गणित आहे.

ते करताना आवर्तनकालाऐवजी त्याचा व्यस्त, म्हणजे वारंवारता f = 1/T, घेणे सोयीचे पडते. R अंतरावरून येणाऱ्या जथ्याला लागणारा वेळ R भागिले समूह-वेग, म्हणजे 4πR f/g इतका असतो. वेळ वारंवारतेच्या सरळ प्रमाणात आहे. म्हणून आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर f घेऊन चारही निरीक्षणे मांडली की ती एका सरळ रेषेत येतात. वरची चार निरीक्षणे अनुक्रमे 0.0500, 0.0562, 0.0625 आणि 0.0690 हर्ट्झ आहेत आणि ती 17-17 तासांच्या अंतराने घेतलेली आहेत; रेषा सरळ का येते हे आकड्यांवरूनच दिसते.

या रेषेतून दोन उत्तरे मिळतात. ती मागे वाढवत नेली की जिथे शून्य वारंवारतेला टेकते तो क्षण वादळाचा, कारण तिथे प्रवासाचा वेळ शून्य होतो. 34 तासांत वारंवारता 0.0125 हर्ट्झने वाढली, म्हणून 0.05 हर्ट्झपर्यंत पोहोचायला तिला चौपट, म्हणजे 136 तास लागले असणार. सोमवारी सकाळी 6 पासून 136 तास मागे गेले की आधीच्या आठवड्यातल्या मंगळवारची दुपारी 2 ची वेळ येते. दुसरे उत्तर अंतराचे: 136 तास म्हणजे 4,89,600 सेकंद, गुणिले 15.6 मीटर, म्हणजे सुमारे 7,640 किलोमीटर.

रत्नागिरी केंद्र धरून पृथ्वीगोलावर 7,640 किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे. ते सरळ दक्षिणेला 52 अंश दक्षिण अक्षांशाजवळ, हर्ड बेटाच्या परिसरात पोहोचते, आणि जरा पश्चिमेकडे सरकले तर 50 अंश पूर्व रेखांशावर क्रोझे बेटांच्या थोडे दक्षिणेला. वादळ या वर्तुळावर नेमके कुठे होते, हे एका ठिकाणच्या आवर्तनकालांवरून कळत नाही. त्यासाठी लाटांची दिशा हवी. कोकणच्या बाबतीत दुसरी जागा अधिक संभवते, कारण सरळ दक्षिणेचा मार्ग मालदीव आणि चागोसच्या बेटांवरून येतो, तर नैर्ऋत्येकडला मार्ग मालदीवच्या पश्चिमेने मोकळ्या समुद्रातून येतो. शेवटी त्या मंगळवारचा हवामानाचा नकाशा काढून त्या भागात खोल न्यूनदाबाचे वादळ होते का, ते पाहावे. भारतात स्वेलबाबतचे इशारे देणारे हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र संगणकीय प्रतिमानांच्या साहाय्याने काम करते. त्यांच्या इशाऱ्याशी आपले कागदावरचे उत्तर ताडून पाहण्यासारखे असते.

ही पद्धत नुसती वर्गातली नाही. नॉर्मन बार्बर आणि फ्रिट्झ उर्सेल यांनी इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर समुद्रतळाशी ठेवलेल्या दाबमापकांच्या नोंदी वारंवारतांनुसार सुट्या केल्या आणि अटलांटिकवरच्या वादळांच्या नकाशांशी जुळवल्या. प्रत्येक वारंवारतेची ऊर्जा आपापल्या समूह-वेगाने येते, हे त्यांनी 1948 मध्ये दाखवले. पुढे 1963 मध्ये वॉल्टर मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत निरीक्षणस्थाने मांडून अशाच स्वेलचा संपूर्ण पॅसिफिक ओलांडेपर्यंत पाठलाग केला.

या उदाहरणातून एक गमतीचा निष्कर्ष निघतो. 20 सेकंदांच्या जथ्यात माथे सेकंदाला 31.2 मीटर धावतात आणि जथा 15.6 मीटर. तरंगलांबी 624 मीटर आहे, त्यामुळे दर 40 सेकंदांनी एक माथा जथ्याच्या पुढच्या टोकाला विरतो आणि एक मागे जन्मतो. जथा दहा लाटांच्या लांबीचा असेल, तर कोणताही माथा जेमतेम 6 मिनिटे 40 सेकंद जगतो, आणि 136 तासांच्या प्रवासात असे बारा हजारांहून अधिक माथे येऊन गेलेले असतात. रत्नागिरीच्या वाळूवर फुटणारा माथा वादळाने कधी पाहिलेलाच नसतो. वादळातून आली ती ऊर्जा, आणि ऊर्जा जथ्याबरोबर चालते.

पाचवी पायरी: उत्तर चुकले, हे कसे ओळखावे

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे 0.78 ऐवजी 1.56 वापरणे. ही चूक लपून राहते, कारण वादळाची वेळ तिच्यामुळे बदलत नाही. वेळ फक्त वारंवारतांच्या गुणोत्तरावर ठरते, आणि दोन्ही वेग T च्या प्रमाणातच असल्यामुळे 136 तास तसेच राहतात. अंतर मात्र दुप्पट, सुमारे 15,300 किलोमीटर होते. रत्नागिरीपासून दक्षिण ध्रुवच सुमारे 11,900 किलोमीटरवर आहे. तेव्हा दक्षिणेकडून आलेली ही लाट अंटार्क्टिकाच्या बर्फाखालून निघून आली, असे म्हणावे लागेल. म्हणून केवळ वेळ जुळली यावर समाधान मानू नये. अंतर गोलावर मांडून पाहावे.

दुसरी चूक मोजणीची. दहा माथे मोजले म्हणजे नऊ आवर्तने झाली; पहिला माथा शून्य धरून मोजायला सुरुवात करावी. आवर्तनकालातली छोटी चूक अंतरात फार मोठी होते, कारण उत्तर दोन जवळपासच्या वारंवारतांच्या फरकातून येते. वरच्या उदाहरणात तिसरे निरीक्षण 16 ऐवजी 16.5 सेकंद धरले आणि पहिले तसेच ठेवले, तर अंतर 7,640 ऐवजी 9,010 किलोमीटर येते. अर्ध्या सेकंदाने जवळजवळ 1,400 किलोमीटरचा फरक पडला. उपाय एकच: दोन निरीक्षणांवर न थांबता दोन-तीन दिवसांत जमतील तितकी निरीक्षणे घेऊन सर्वांतून रेषा काढावी. एखादा बिंदू रेषेपासून दूर पडला तर त्या वेळी स्थानिक वाऱ्याच्या लाटा मिसळल्या होत्या का, हे आधी तपासावे. बोयाची आकडेवारी वापरत असाल तर सरासरी आवर्तनकाल घेऊ नये, कारण त्यात स्थानिक लाटाही धरलेल्या असतात; कोणत्या वारंवारतेला किती ऊर्जा आहे हे दाखवणाऱ्या वर्णपटातल्या स्वेलच्या शिखराचा आवर्तनकाल घ्यावा. आणि सगळे बिंदू नीट असूनही रेषा मध्येच मोडत असेल, तर बहुधा दोन वादळांच्या लाटा एकाच वेळी येत आहेत, आणि रेषाही दोन काढाव्या लागतील.

तिसरी शंका अनेकांना येते, ती किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्याची. 20 सेकंदांच्या लाटेला सुमारे 312 मीटर खोलीपासूनच तळ जाणवू लागतो, म्हणजे कोकणचा रुंद सागरमंच ओलांडताना ती खोल पाण्यातली लाट राहिलेली नसते. तिथे तरंगलांबी आणि दोन्ही वेग बदलतात, परंतु आवर्तनकाल बदलत नाही, म्हणून किनाऱ्यावर मोजलेला T वापरता येतो. सागरमंचावरच्या दीडशे किलोमीटरमुळे 136 तासांच्या हिशेबात फार तर अर्ध्या तासाच्या आसपासचा फरक पडतो, आणि तो सोडून देता येतो. मात्र किनाऱ्याजवळ डोळ्यांनी माथ्याचा वेग मोजून त्याचा निम्मा घेणे चुकीचे ठरेल.

निम्म्याचा नियम कुठे चालत नाही

पाण्याची खोली तरंगलांबीच्या सुमारे विसाव्या भागाहून कमी झाली की लाटेचा वेग √(gh) एवढा होतो. इथे h म्हणजे खोली. यात तरंगलांबी कुठेच नाही, तेव्हा अपस्करणही नाही, आणि दुसऱ्या पायरीतली गाठ सुटत नाही. कला-वेग आणि समूह-वेग तिथे एकच. त्सुनामीची तरंगलांबी शेकडो किलोमीटर असते, म्हणून तिला 4,000 मीटर खोलीचा महासागरही उथळच असतो; तिचा माथा आणि तिची ऊर्जा दोन्ही ताशी सुमारे 700 किलोमीटरने बरोबर जातात.

याउलट टोकाला अगदी बारीक तरंग आहेत. पाण्यावरच्या तरंगाची लांबी 1.7 सेंटिमीटरहून कमी झाली की गुरुत्वापेक्षा पृष्ठताणाचा जोर अधिक ठरतो, आणि आखूड तरंग अधिक वेगाने जाऊ लागतो. आधी म्हटलेली तिसरी शक्यता ती हीच. इथे समूह-वेग कला-वेगापेक्षा मोठा असतो. फार बारीक तरंगांत तो दीडपट होतो. तळ्यावर फळीऐवजी लहान खडा टाकून प्रयोग करणाऱ्यांचा गोंधळ होतो तो यामुळेच: त्यांना जथ्यात माथे मागून पुढे जाण्याऐवजी पुढून मागे सरकताना दिसतात. हेच दृश्य वाहत्या ओढ्यात स्थिर झालेले पाहता येते. सेकंदाला 23 सेंटिमीटरहून वेगाने वाहणाऱ्या पाण्यात बारीक काडी उभी धरली तर काडीच्या वरच्या अंगाला, प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला, बारीक तरंगांच्या स्थिर रेघा उमटतात. त्यांचा कला-वेग प्रवाहाएवढाच असतो म्हणून त्या जागच्या जागी दिसतात, आणि समूह-वेग त्याहून जास्त असतो म्हणून त्यांची ऊर्जा प्रवाहावर मात करून वर चढते. लांब लाटा मात्र काडीच्या खालच्या अंगाला पडतात, कारण त्यांचा समूह-वेग प्रवाहाला पुरा पडत नाही.

प्रकाशाच्या बाबतीत हा फरक पाण्याइतका मोठा नसतो, पण मोजता येण्याजोगा नक्कीच असतो. काचेचा अपवर्तनांक लोलकातल्या वळणावरून काढतात तेव्हा त्यात कला-वेग येतो. प्रकाशाचा झोत तुकड्यातुकड्यांनी सोडून तो किती वेळात पोहोचला हे पाहतात तेव्हा समूह-वेग मिळतो. प्रकाशीय तंतूंसाठी वापरतात त्या शुद्ध सिलिकाच्या काचेत, 1,550 नॅनोमीटर तरंगलांबीला, पहिल्या पद्धतीने 1.444 येतो आणि दुसऱ्या पद्धतीने 1.463. म्हणून तंतूतला दोष किती अंतरावर आहे हे परतून आलेल्या स्पंदाच्या वेळेवरून शोधणाऱ्या यंत्रात दुसऱ्या प्रकारचा अंक भरावा लागतो. पहिला भरला तर दर शंभर किलोमीटरला सव्वा किलोमीटरहून अधिक चूक होते. अल्बर्ट मायकेलसन यांनी 1880 च्या दशकात कार्बन डायसल्फाइड या द्रवातून प्रकाशाचा वेग फिरत्या आरशाने मोजला, तेव्हा हवेतल्या वेगाशी त्याचे गुणोत्तर 1.76 आले, तर त्या द्रवाचा अपवर्तनांक 1.64 च्या आसपास होता. मोजणीत चूक नव्हती. फिरत्या आरशाने प्रकाशाचे तुकडे केले होते, आणि तुकडा समूह-वेगाने जातो.